ठराव उघडला, पण वाचता येईना

ताईंनो, मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाला 2013 सालचा एक ठराव हवा होता. शेडसाठी कोणती जागा घ्यायची, भाडं किती द्यायचं आणि सह्या कोणी करायच्या, हे त्यात लिहिलेलं होतं. जागेवरून आता बोलाचाली सुरू झाली होती. इतिवृत्ताच्या वहीची पानं वाळवीनं खाल्लेली. पण तेव्हाच्या लेखापाल ताईंनी तो ठराव वर्डमध्ये टाइप करून पेनड्राइव्हवर ठेवला होता, आणि पेनड्राइव्ह सापडला! सगळ्यांना हायसं वाटलं.

फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली. मजकुराच्या जागी "Bjko", "cpr" असली अक्षरं. रक्कम आणि तारखेचे आकडे तेवढे कळत होते. अध्यक्षा मावशी म्हणाल्या, "फाइलला पण वाळवी लागली काय गं?"

फाइल खराब झालेली नव्हती. ती कृतिदेव या जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती. कृतिदेवमध्ये फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवली जातात, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. B वर "ठ", j वर "र", k वर काना, o वर "व". म्हणून "Bjko" म्हणजे "ठराव", आणि "cpr" म्हणजे "बचत". ज्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नाही, तिथे हे रूप चढत नाही आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. वर्डची फाइल साधारणपणे फॉन्टचं फक्त नाव लिहून ठेवते, फॉन्ट सोबत नेत नाही. पाहुणीनं "माझा मसाला वापरा" अशी चिठ्ठी पाठवावी आणि मसाला घरीच विसरावा, तसं हे आहे.

यावर उपाय म्हणजे पीडीएफ-ए. ही पीडीएफचीच एक जात आहे, खास जपून ठेवायच्या कागदांसाठी केलेली. तिचं आंतरराष्ट्रीय मानक 2005 साली आलं. तिचा मुख्य नियम असा, की पान दाखवायला जे लागतं ते सगळं फाइलच्या आतच हवं. वापरलेला फॉन्टसुद्धा. साध्या पीडीएफमध्येही बहुतेक वेळा फॉन्ट जातो, पण जायलाच हवा असं बंधन नसतं. पीडीएफ-एमध्ये पासवर्डही चालत नाही. ते बरंच आहे, कारण दहा वर्षांनी पासवर्ड कोणाच्या लक्षात राहणार?

आता करायचं कसं ते बघू. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच चूक होते. फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर आहे, तिथेच पीडीएफ बनवायची. आम्ही घाईत नव्या लॅपटॉपवरच पीडीएफ बनवली. त्यात "Bjko" हेच पक्कं झालं! फॉन्ट नसला की वर्ड दुसराच फॉन्ट वापरतं, आणि तोच पीडीएफमध्ये भरला जातो. गंमत म्हणजे वर्डमध्ये वरच्या फॉन्टच्या चौकटीत "Kruti Dev" असंच नाव दिसत होतं. त्या नावावर जाऊ नका. तिथे फाइलनं मागितलेल्या फॉन्टचं नाव दिसतं, तो कॉम्प्युटरवर असो वा नसो. पडद्यावर मराठी नीट वाचता येतं का, तेवढंच बघा.

शेवटी तालुक्याच्या एका जुन्या टायपिंगच्या दुकानात कृतिदेव असलेला कॉम्प्युटर मिळाला. तिथे ठराव उघडला, दोघींनी मोठ्यानं वाचून काढला, आणि मग पुढचं केलं.

वर्डमध्ये कीबोर्डवरचं F12 दाबायचं. सेव्ह करायची खिडकी उघडते. तिथे "Save as type" मध्ये "PDF" निवडायचं. ते निवडलं की "Options" नावाचं बटण दिसतं. लगेच सेव्ह करू नका, आधी त्या बटणावर क्लिक करा. आत खालच्या बाजूला "PDF/A compliant" असं लिहिलेली एक चौकट असते. जुन्या वर्डमध्ये तेच नाव "ISO 19005-1" नं सुरू होतं. त्यात टिक करा, "OK" म्हणा आणि सेव्ह करा. प्रिंटच्या यादीतलं "Microsoft Print to PDF" वापरू नका, त्यात ही टिक मिळत नाही.

ज्यांच्याकडे विकतचं वर्ड नाही त्यांनी फुकट मिळणारं लिब्रेऑफिस घ्यावं. त्यात "File" मधून पीडीएफ एक्सपोर्टची खिडकी उघडली की "Archival" असं सुरू होणारी चौकट सापडेल.

टिक केलेल्या चौकटीच्या आसपासच "Bitmap text when fonts may not be embedded" अशी आणखी एक चौकट असते. काही फॉन्ट बनवणाऱ्यांनी तो फाइलमध्ये भरायला परवानगी दिलेली नसते. तेव्हा वर्ड त्या अक्षरांचं चित्र करून टाकतं. वाचता येतं, पण ते चित्रच राहतं, त्यात शब्द शोधता येत नाही. ही टिक राहू द्या, न दिसण्यापेक्षा चित्र बरं. पण नवं काही टाइप करायचं असेल तर नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा मोकळ्या परवान्याचा युनिकोड फॉन्ट घ्या, म्हणजे ही अडचण येत नाही.

झालं म्हणून निघून यायचं नाही, तपासायचं. पीडीएफ अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा. वर पट्टी येते, फाइल PDF/A असल्याचं सांगणारी. पण ती पट्टी फक्त फाइलचा दावा सांगते. म्हणून Ctrl आणि D एकत्र दाबा आणि "Fonts" वर क्लिक करा. फॉन्टांची यादी दिसेल. प्रत्येक नावापुढे "Embedded" किंवा "Embedded Subset" हवं. सबसेट म्हणजे जेवढी अक्षरं वापरली तेवढीच भरली, ते चालतं. एखाद्या नावापुढे हा शब्द नसेल, तर तो फॉन्ट आत गेलेला नाही. त्यानंतर ती फाइल मुद्दाम दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहा, जिथे कृतिदेव नाही. आम्ही तीच फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा "ठराव" दिसला, आणि मावशींनी पहिल्यांदा भाड्याची रक्कम वाचली.

एक मर्यादा सांगते. आमच्या त्या पीडीएफमध्ये दिसतंय मराठी, पण "ठराव" शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही. पोटात अजून "Bjko" च आहे. फॉन्ट भरल्यानं पान दिसायचं नक्की झालं, मजकूर बदलला नाही. शोधता यायला हवं असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलावं लागतं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका होतात, म्हणून मूळ मजकुराशी ओळ न् ओळ ताडून पाहा. "कर्ज" चं "करज" झालेलं चालेल, पण नावं आणि हुद्दे बदललेले चालणार नाहीत.

आणि वर्डची फाइल पुसू नका. पीडीएफ-ए ही न बदलायची प्रत असते. उद्या त्यातून काही दुरुस्त करायचं किंवा नवा ठराव बेतायचा तर मूळ वर्डच लागेल. दोन्ही फाइलींना एकच नाव द्या, तारीख आणि विषय, जसं "2013-08-शेड-ठराव". एक जोडी पेनड्राइव्हवर, एक प्रभागसंघाच्या कॉम्प्युटरवर. सह्या असलेला कागद शाबूत असेल तर त्याचा स्कॅन वेगळा ठेवा, कारण टाइप केलेल्या फाइलमध्ये कोणाची सही नसते.

ज्या ग्रामसंघांकडे 2015 च्या आधीच्या फाइली आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला पेनड्राइव्ह घेऊन या. मी त्या दुकानात एक दिवस बसायचं ठरवलं आहे. तो जुना कॉम्प्युटर किती दिवस चालेल, ते दुकानदारालाच माहीत नाही.