प्रोजेक्ट मॅनेजरचा कौशल्य त्रिकोण : तीन छोटी उत्तरे

मुलं तिन्ही कौशल्यं पाठ करतात, पण नेतृत्व आणि धोरण यांची गल्लत करतात. त्यांना कोकण रेल्वेचं (१९९०–९८) उदाहरण सांगा.

प्र. १. तांत्रिक कौशल्य म्हणजे काय?
उत्तर : काम *कसं* करायचं ते जाणणं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळायची. तिथे खडकातली पद्धत चालत नव्हती.

प्र. २. नेतृत्व कौशल्य म्हणजे काय?
उत्तर : काम *कोणाकडून* आणि कसं करून घ्यायचं ते जाणणं. ई. श्रीधरन यांनी मार्गाचे भाग पाडून प्रत्येक भाग एकेका मुख्य अभियंत्यावर सोपवला.

प्र. ३. धोरणात्मक कौशल्य म्हणजे काय?
उत्तर : काम *कशासाठी*, कोणाच्या पैशातून, ते जाणणं. महामंडळाने रोख्यांतून पैसा उभारला. म्हणून उशीर झाला की व्याज वाढायचं.

मुलगा अडला, तर एवढंच विचारा : कसं, कोणाकडून, की कशासाठी?