उजळ बट कुठून सुरू करायची?

देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेआधी, नवरात्राच्या तोंडावर, पार्लरमध्ये गर्दी वाढते. अशाच एका आश्विनात माझी भाची मोबाइलवर एक फोटो घेऊन आली. फोटोतल्या मुलीच्या चेहऱ्यालगत दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाची रुंद बट होती. "मामी, मला अस्संच हवं," ती म्हणाली. फोटोतल्या मुलीचा चेहरा लांबट होता आणि भाचीचा गोल. हा फरक मला दिसला होता, तरी मी तो बोलून दाखवला नाही. माझी चूक इथूनच सुरू झाली.

कपाळालगतच्या केसांतून मी दोन्हीकडे दोन बोटं रुंद बट घेतली, मुळापासून ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळली आणि नंतर मध-तपकिरी रंग दिला. रंग छान उठला होता. पण केस वाळवून ती आरशासमोर बसली आणि गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामी, माझे गाल एवढे मोठे आहेत का?"

गाल होते तेवढेच होते. काळे केस गालावर पडतात तेव्हा ते पडद्यासारखे काम करतात. गव्हाळ गाल आणि काळा केस यांच्यात स्पष्ट कड दिसते आणि नजर चेहऱ्याची रुंदी त्या कडेपर्यंतच मोजते. मी ती काळी कडच पुसून टाकली होती. मध-तपकिरी रंग तिच्या कातडीच्या रंगाच्या जवळचा, त्यामुळे गाल कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतो ते कळेना. नजर थेट बटेच्या बाहेरच्या कडेला जाऊन थांबू लागली. केस खांद्यापर्यंतच असल्यामुळे बटेचा सगळ्यात फुगीर भाग नेमका गालावर आला होता.

दुरुस्तीला दुसरा दिवस गेला. ब्लीच झालेल्या पिवळट केसावर थेट थंड छटेचा गडद रंग लावला तर तो हिरवट, मळकट दिसू शकतो. म्हणून मी उबदार, किंचित तांबूस झाक असलेला गडद तपकिरी रंग सौम्य डेव्हलपरमध्ये कालवला आणि पुढच्या बटा मुळापासून हनुवटीच्या खालपर्यंत पुन्हा गडद केल्या. टोकाचा थोडा भाग तेवढा उजळ ठेवला. मग टाळूवरच्या, ब्लीच न लागलेल्या केसांतून चार अगदी बारीक बटा उजळल्या. टाळूवर उजेड आल्याने चेहऱ्याला उंची मिळाली, गालांशेजारी सावली परत आली. ब्लीच झालेला केस रंग धरून ठेवत नाही, म्हणून पुढचे काही महिने तिला तो गडद रंग पुन्हा पुन्हा लावून घ्यावा लागला. केसांची टोकं कोरडी झाली ती झालीच. ती कापूनच गेली.

तेव्हापासून मी ब्लीच कालवायच्या आधी दोन गोष्टी करते. आधी दोऱ्याने चेहरा मोजते. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत एक माप, एका गालाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत दुसरं. दोन्ही जवळजवळ सारखी आणि जबडा वळणदार असेल तर चेहरा गोल. लांबी रुंदीच्या दीडपट किंवा त्याच्या आसपास असेल तर लांबट. कपाळ, गाल आणि जबडा सारखेच रुंद आणि जबड्याचे कोपरे ठळक असतील तर चौकोनी.

दुसरी गोष्ट म्हणजे साडीचा फॉल. मॅचिंग सेंटरमध्ये तो मधाच्या, मोहरीच्या, विटकरी अशा सगळ्या छटांत मिळतो. बोटभर रुंद पट्टी कापून मी ती केसांत पिनेने लावते, जिथून उजळ बट सुरू करायची तिथूनच. मग गिऱ्हाइकाला आरशापासून सहा फूट मागे उभं करते. पट्टी वर, खाली, मागे सरकवत गेलं की चेहरा कसा बदलतो ते तिचं तिलाच दिसतं.

गोल चेहऱ्यावर पट्टी कपाळालगत लावून बघा आणि मग दोन बोटं मागे न्या. गाल आत गेल्यासारखे वाटतील. एवढं अंतर सोडायचं. त्यातूनही समोरची एखादी बट हवीच असेल तर तिचा उजेड हनुवटीच्या दोन बोटं खालून सुरू करावा. टाळूवर मात्र मुळाजवळून सुरू केलेल्या बारीक बटा चालतात.

लांबट चेहऱ्याला उलटं लागतं. तिथे उजेड चेहऱ्याच्या जवळ, अर्ध्या बोटावर आणायचा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या उंचीवर सुरू करायचा, म्हणजे त्याचा भर गालांवर येऊन चेहरा रुंदावतो. टाळू काळीच ठेवायची. टोकंही गालाजवळच्या भागापेक्षा उजळ करायची नाहीत, कारण टाळूवरचा आणि टोकांचा उजेड नजरेला वरून खाली ओढतो आणि चेहरा आणखी लांबतो.

चौकोनी चेहऱ्यात जपायचा तो जबड्याचा कोपरा. उजळ बट तिथे सुरूही होऊ नये आणि संपूही नये, नाहीतर त्या कोपऱ्याखाली रेघ ओढल्यासारखं होतं. भुवईच्या उंचीपासून, कानशिलाजवळून, बारीक विणलेल्या तिरक्या बटा घ्याव्यात. त्या दोन्हीकडे थोड्या वरखाली असाव्यात आणि जबडा ओलांडून खाली जाव्यात. जबड्याशी टेकणारा बॉब असेल तर पुढच्या बटा उजळायच्याच नाहीत. मागच्या केसांत हवं तर करावं.

तिन्ही चेहऱ्यांना एक नियम सारखा आहे. कपाळाच्या कडेची कोवळी लव सोडायची. ते केस इतके बारीक असतात की ब्लीच लवकर खातात आणि तुटतात.

सुरुवातीचं अंतर ठरवताना पुढचे महिनेही मोजावे लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि उजेडाची सुरुवात तेवढीच खाली सरकते. गोल चेहऱ्यावर हनुवटीखालची सुरुवात आणखी खाली गेली तरी बिघडत नाही. लांबट चेहऱ्यावर डोळ्याशी सुरू केलेली बट सात-आठ महिन्यांत जबड्यापर्यंत उतरते आणि चेहरा पुन्हा लांबवते. चौकोनी चेहऱ्यावर भुवईपासूनची बट वर्षाच्या आतच जबड्याच्या कोपऱ्यावर येऊन ठेपते. आमच्याकडे बऱ्याच जणी सणासाठी किंवा लग्नासाठी वर्षातून एकदाच येतात. अशांना मी आधीच सांगते, की चेहरा लांबट किंवा चौकोनी असेल तर सहा महिन्यांनी एकदा यावंच लागेल. जमणार नसेल तर चेहऱ्याजवळच्या केसांना हात लावू नये.

शेवटी फॉल लावलेलाच ठेवून मी रोजच्यासारखी वेणी घालायला सांगते. मोकळ्या केसांत शोभणारी बट वेणीत ओढली की कानावरून आडवा पट्टा होऊन दिसते आणि गोल चेहरा तिथेही रुंदावतो. बाईचे केस दिवसातला बहुतेक वेळ बांधलेले असतात. म्हणून वेणीत जी जागा चालते तीच मी पक्की धरते.

भाचीचे ते केस आता कापून गेले आहेत. यंदा ती आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी तिने खणातून फॉलची पट्टी स्वतःच काढली, गालाशेजारी धरली आणि मग दोन बोटं मागे नेली.