किल्ली हातावेगळी करण्यापूर्वी

घरमालकाला स्वतःची जागा परत हवीशी वाटली तर त्यात अन्याय नाही, आणि ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली ते घर सोडताना भाडेकरूने तारीख व मोबदला यांविषयी घासाघीस केली तर त्यातही लोभ नाही. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरील ज्या सदनिकेत मी १९९१ पासून भाड्याने राहत होतो, ती मालकांना धाकट्या चिरंजिवांसाठी हवी झाली, तेव्हा आमची तडजोड अखेर सलोख्यानेच झाली. परंतु मध्यंतरी एक कागद असा पुढे आला की त्यावर सही झाली असती तर बोलणी करण्याजोगे माझ्यापाशी काही उरलेच नसते. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर सांगतो.

मोबदल्याची भाषा करण्यापूर्वी आपण कायद्याच्या दृष्टीने कोण आहोत हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने येथे दोन अगदी निराळ्या अवस्था मानल्या आहेत. ज्याचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा आहे, तो परवानाधारक, मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून धरणाऱ्यावर दुप्पट शुल्काची नुकसानभरपाई बसू शकते. असे अकरा-अकरा महिन्यांचे कागद वीस वर्षे नवे होत राहिले, तरी त्यातून मोबदल्याचा हक्क उत्पन्न होत नाही. अशा माणसाने अनामत रक्कम वेळेवर परत मिळावी आणि घर शोधायला दोन-तीन महिने मिळावेत, एवढेच सामोपचाराने मागावे. याउलट माझ्यापाशी १९९१ पासूनच्या भाडेपावत्या होत्या. अशा भाडेकरूला उठवायचे तर मालकाने दावा लावून आपली खरी गरज सिद्ध करावी लागते, आणि कोणाची अडचण अधिक मोठी हेही न्यायालय तोलून पाहते. हा मार्ग वर्षानुवर्षांचा असतो, आणि तो टाळण्याची किंमत म्हणजेच मोबदला. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात भाडेहक्क सोडण्यासाठी पैसा घेणे बेकायदेशीर होते. आजच्या कायद्याच्या कलम ५६ ने ते उघडपणे मान्य केले आहे, तेव्हा संकोचाचे कारण नाही.

आता त्या कागदाविषयी. मालक अतिशय अदबीने म्हणाले, “मास्तर, जायची तारीख तुम्हीच सांगा. तोपर्यंत सोसायटीला दाखवायला अकरा महिन्यांचा लिव्ह-लायसन्सचा कागद करून टाकू. नोंदणीचा खर्च माझा.” मजकूर वरवर निरुपद्रवी होता, पण कल्याण न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो वाचला आणि विचारले, “सर, यात तुम्ही भाडेकरू म्हणून कुठे आहात?” खरोखरच कोठेही नव्हतो. तेथे होता तो ‘परवानाधारक’. त्याने द्यायचे ते ‘शुल्क’. आणि तीन दशकांच्या वहिवाटीचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. कलम २४ च्या स्पष्टीकरणानुसार परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणजे सही झाल्यावर जुन्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन ‘मी मूळचा भाडेकरू’ असे सांगत बसणे फार अवघड होते. मालकांच्या मनात कपट होते असे मी म्हणत नाही, सल्ला त्यांच्या दलालाचा होता. मी सही न करता एवढेच लिहून दिले की, तडजोड पूर्ण होईपर्यंत माझा भाडेहक्क पूर्ववत चालू राहील.

त्यानंतर काही महिने मालकांनी भाडे घेण्याचे थांबवले. अशा वेळी ‘घेत नाहीत तर राहिले’ असे म्हणणे घातक, कारण पुढे तीच रक्कम थकबाकी म्हणून दाव्याचे कारण बनू शकते. थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस मिळाल्यावर भाडेकरूला नव्वद दिवसांची सवड आहे खरी, पण तेथवर जाऊच नये. मी दरमहा त्यांच्या बँक खात्यात भाडे भरीत गेलो आणि भरल्याचे पत्र पोचपावतीच्या टपालाने धाडीत गेलो.

रकमेचा आकडा हवेत फेकण्याऐवजी मी हिशेब मांडला. माझे भाडे ३,२०० रुपये होते, तशाच जागेला आसपास १५,००० पडत होते. म्हणजे दरमहा ११,८०० रुपयांचा अधिक भार. पाच वर्षांचा तो ७,०८,००० होतो, त्यात सामान हलवण्याचा खर्च व दलाली मिळून ३५,००० धरले, आणि मागणी ७,४३,००० वर गेली. नव्या घराची अनामत मी धरली नाही, कारण ती परत मिळणारी असते, आणि असल्या फुगवलेल्या रकमेने सबंध हिशेबावरचा विश्वास उडतो. मालक चार लाखांवरून चढत आले, मी उतरत गेलो आणि ६,००,००० वर सौदा ठरला. ही रक्कम भांडवली नफा म्हणून करपात्र ठरते, म्हणून ती रोखीने न घेता बँकेतूनच घ्यावी. तारखेच्या बाबतीत मात्र मी हटलो नाही: नातवाची वार्षिक परीक्षा आटोपल्यानंतर आणि पावसाला तोंड लागण्यापूर्वी, म्हणजे ३१ मे.

खरा कस लागतो तो कराराच्या कलमांत. ‘आधी ताबा द्या, पैसे आठवड्यात देतो’ हे वाक्य कितीही गोड असले तरी मान्य करू नये, कारण ताबा गेल्यावर भाडेकरूच्या हाती तगादा लावण्यापलीकडे काही राहत नाही. आम्ही भाडेहक्क सोडण्याचा दस्त असा केला की १,००,००० सहीच्या वेळी मिळावेत, उरलेल्या ५,००,००० ची दर्शनी हुंडी, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, किल्लीच्या देवघेवीच्या वेळीच हातात पडावी. मालकांनी ती दिली नाही तर माझा भाडेहक्क अबाधित राहावा, आणि मी जागा सोडली नाही तर पहिला लाख परत करावा. ताब्याच्या दिवशी वीजमीटरचे छायाचित्र, शेवटचे बिल व ताबापावती या तिन्हींवर दोघांच्या सह्या झाल्या.

आणखी एक बाब विचारात घ्यावी, जी सहसा कोणी सांगत नाही. स्वतःच्या गरजेचे कारण सांगून मालकाने हुकूमनाम्याने ताबा मिळवला आणि महिन्याभरात तेथे राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर कलम १७ खाली मूळ भाडेकरू ताबा परत मागू शकतो. आपखुशीने सोडलेल्या जागेला हे संरक्षण लागू नाही. माझ्या जागेत मालकांचे चिरंजीव खरोखर राहायला आले. पण ते न येता जागा चढ्या भाड्याने गेली असती, तरी मला तक्रारीला जागा नव्हती. म्हणून ज्याला मालकाच्या गरजेविषयी शंका असेल, त्याने एक तर करारातच ‘वर्षभरात जागा इतरांस दिल्यास अमुक रक्कम अधिक द्यावी’ असे कलम घालून घ्यावे, नाहीतर मोबदल्याचा आकडा ठरवतानाच त्या सोडलेल्या हक्काची किंमत धरावी.