गाडीत फोनला तोंडी सांगताना: आष्टी रस्त्यावरचा अनुभव

गाडी चालवताना फोनला तोंडी हुकूम देण्याची सोय तीन कामांसाठी वापरली जाते: रस्ता विचारणे, फोन लावणे आणि आलेला मेसेज मोठ्याने वाचून घेणे. तिन्हींचा धोका सारखा नाही. रस्ता विचारण्यात तो सर्वांत कमी, कारण ते काम गाडी सुरू करण्यापूर्वीच उरकता येते. मेसेज ऐकण्यात तो सर्वांत जास्त, आणि चामोर्शी भागात तर त्याला आणखी दोन-तीन कारणे आहेत.

कायदा बघितला तर हात मोकळे असणाऱ्याला चिंता नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी केवळ रस्ता पाहण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायला मुभा दिली. यातून लोकांनी सोयीचा अर्थ काढला की हात स्टिअरिंगवर असले म्हणजे झाले. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्या वेगळे सांगतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत काही यंत्रणांच्या बाबतीत तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचे लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात साडेचारशे मीटर जाते. डोळे रस्त्यावर असतात, पण दिसलेले मनापर्यंत उशिरा पोचते.

गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा जाणारा रस्ता या दृष्टीने सोपा नाही. सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना यांमुळे आष्टीच्या बाजूला जड ट्रकांची ये-जा असते, जंगलाच्या पट्ट्यात मोबाइलची रेंज जाते आणि पावसाळ्यात नाले भरतात. प्रस्तुत लेखकाला मालकाच्या बियाणे-खतांचा माल पोचवायला आणि वसुलीला याच रस्त्याने जावे लागते. गाडीत पडदा बसवून देणाऱ्या दुकानदाराने पैसे मोजून घेताना ‘सगळं मराठीत चालते साहेब, नुसतं बोला’ असे सांगितले होते.

पावसाळ्यातील एका दुपारी आष्टीकडील गिऱ्हाइकाचा मेसेज आला. पडद्यावर तो असा होता: `Nala bharla, pudhe yeu naka`. गाडीतील आवाज इंग्रजीवर लावलेला होता, कारण दुकानदाराने तो तसाच ठेवला होता. त्याने नाव वाचले, मग ‘नाला भार्ला’सारखे काहीतरी म्हटले आणि शेवटी अगदी स्पष्ट ‘यू नाका’. ऐकणाऱ्याला वाटले, पुढे नाका आहे, पोलिसांची तपासणी असेल. म्हणून पुन्हा वाचायला सांगितले; पुन्हा ‘यू नाका’. हे कोडे डोक्यात घोळत असताना पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. लेखकाची नजर समोरच होती, तरी ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन गाड्यांमधले अंतर हातभर उरले. रोमन लिपीतील मराठी इंग्रजी आवाजाच्या तोंडी गेली की तिचे काय होते, ते तेव्हा उलगडले. नकाराचा ‘नका’ हाच सगळ्या निरोपाचा जीव होता आणि यंत्राने नेमका त्याचाच नाका केला.

यानंतर मालकाचे वागणे जास्त बोचणारे होते. नाला भरल्यामुळे माल परत आणावा लागला म्हणून ते चिडले. ‘हात तं मोकळेच होते ना? मंग आयकू काऊन नाही आलं?’ हा त्यांचा सवाल. तासाभरात चार फोन करून ‘बोलत बोलत चालव ना’ म्हणणारेही तेच. हात मोकळे ठेवणाऱ्या सोयीचा असा अर्थ लावणारे वरिष्ठ बरेच आहेत. दुकानदाराने तर ‘सेटिंग तुम्ही बिघडवलं असेल’ म्हणून हात झटकले.

मेसेजबाबत मार्ग असा. फोनच्या सेटिंगमध्ये लिखाण वाचून दाखवणाऱ्या आवाजाची भाषा मराठी निवडावी, मराठी आवाजाची फाइल उतरवून घ्यावी आणि सूचना वाचण्याची परवानगी दिलेली आहे का ते बघावे. यानंतरही देवनागरीतील मेसेजच नीट वाचला जाण्याची शक्यता आहे. रोमनमधील मराठीचा भरवसा नाही. फोटो आणि व्हॉइस नोट तर मेसेज म्हणून वाचून दाखवल्याच जात नाहीत. म्हणून गाडी थांबवून, दुसऱ्या एखाद्या फोनवरून आपल्या नंबरवर एक देवनागरी आणि एक रोमन मेसेज पाठवून ऐकून पाहावे. दोन्हींतला फरक तिथेच कळतो. चालत्या गाडीत मेसेज कोणाचा आहे एवढेच ऐकावे. मजकूर कानावर पडलाच आणि त्याचा अर्थ लागला नाही, तरी तो परत वाचायला सांगू नये. पेट्रोल पंप किंवा गाव आले की थांबून डोळ्यांनी वाचावा. तातडीचा निरोप पाठवणाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवावे की टाइप करू नका, फोन करा.

रस्त्याच्या बाबतीत आष्टी हेच उदाहरण पुरेसे आहे. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. बीड जिल्ह्यात एक, वर्धा जिल्ह्यात एक, आणि ती दोन्ही तालुक्याची ठिकाणे. चामोर्शी तालुक्यातील आष्टी तशी नाही. नुसते ‘आष्टीला ने’ म्हटले तर यंत्र कोणती आष्टी धरील हे सांगता येत नाही. तेव्हा तालुका-जिल्हा जोडून बोलावे आणि गाडी हलवण्यापूर्वी एकूण अंतर पाहावे. चामोर्शीहून निघताना ते शेकडो किलोमीटर दाखवत असेल तर गाव चुकले. गडचिरोली जिल्ह्याचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवावा. उपग्रहांवरून जागा कळायला रेंज लागत नाही, म्हणून उतरवलेला नकाशा जंगलातही वळणे सांगतो. तोंडी हुकुमांचे बहुतेक काम मात्र इंटरनेटवर चालते. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे दोनदा ऐकून तिसऱ्यांदा ओरडण्यात काही अर्थ नसतो. पूल पाण्याखाली आहे की नाही हे उतरवलेला नकाशा सांगत नाही. त्यासाठी पलीकडच्या गावातल्या माणसालाच विचारावे लागते.

फोन लावण्यासाठी नावांची डागडुजी लागते. ‘राजू’ चार असतील तर यंत्र विचारत बसते, कोणता राजू, मोबाइल की घरचा. प्रत्येक नावापुढे गाव जोडावे, ‘राजू घोट’, ‘राजू आष्टी’ असे, आणि एकाला एकच नंबर ठेवावा. हुकूम ज्या भाषेत द्यायचा त्याच लिपीत नाव साठवले तर जुळणी सोपी जाते. फोन लागला की ‘गाडीत आहे, थांबून बोलतो’ एवढेच सांगावे. वसुलीचा हिशेब, भावाची घासाघीस आणि घरचे भांडण यांना चालती गाडी ही जागा नव्हे. मालकाला राग येईल तो येऊ द्यावा. पावसात, काचा उघड्या असताना किंवा खडबडीत डांबरावर माइकला शब्द कळत नाहीत, म्हणून तेव्हा हुकूम देऊच नये.

फोनचे मोठे अपडेट झाले की मेसेज वाचण्याची परवानगी आणि आवाजाची भाषा कधी कधी मूळ पदावर जाते. त्यामुळे अपडेटनंतर वर सांगितलेली दोन मेसेजची चाचणी पुन्हा एकदा, गाडी उभी असताना करावी लागते.