कर्जाचा कागद : सपाट व्याज आणि घटत्या शिलकीवरील व्याज

आपला भाजीपाला बाजारात विकणारे किरकोळ विक्रेते नेहमी मराठीच वाचतात असे नाही. सोलापूरच्या बाजाराचे उदाहरण घ्या. तेथे कन्नड किंवा तेलुगू वाचणारे अनेक विक्रेते आहेत. अशा विक्रेत्याच्या हाती सूक्ष्म वित्त संस्थेचा इंग्रजी कागद पडला, की तो फक्त टक्का पाहतो. मात्र टक्का कशावर आकारला आहे हे समजले नाही, तर महाग कर्ज स्वस्त वाटते. हाच हिशेब आपल्यालाही उपयोगी पडणारा आहे.

दोन पद्धतींतील फरक

समजा, आपण १२ क्रेट भाड्याने आणले आणि दर महिन्याला एक क्रेट परत केला. मालकाने वर्षभर बाराही क्रेटचे भाडे घेतले, तर आपण ते मान्य करणार नाही. सपाट (फ्लॅट) व्याजात मात्र नेमके हेच घडते. मूळ रकमेवर पूर्ण मुदतीचे व्याज काढून ते हप्त्यांत वाटले जाते. हप्त्यागणिक मुद्दल फिटत गेली, तरी व्याज कमी होत नाही. घटत्या शिलकीच्या (रिड्युसिंग बॅलन्स) पद्धतीत दर महिन्याला जेवढे क्रेट आपल्याकडे उरले, तेवढ्यांचेच भाडे. क्रेटचे हे उदाहरण कोणत्याही भाषेत सांगता येते.

प्रत्यक्ष हिशेब

समजा, एका भाजीविक्रेतीला १२,००० रुपये १२ मासिक हप्त्यांनी हवे आहेत. पहिला देकार १४ टक्के सपाट दराचा आहे, दुसरा २२ टक्के घटत्या शिलकीवरचा. तिला साहजिकच पहिला स्वस्त वाटतो.

पहिल्या देकारात व्याज १,६८० रुपये, म्हणजे एकूण परतफेड १३,६८० रुपये आणि हप्ता १,१४० रुपये. दुसऱ्यात हप्ता सुमारे १,१२३ रुपये येतो, त्यामुळे एकूण परतफेड सुमारे १३,४७६ रुपये होते. म्हणजे १४ टक्क्यांचे कर्ज २२ टक्क्यांच्या कर्जापेक्षा सुमारे २०० रुपयांनी महाग पडते. घटत्या शिलकीच्या भाषेत मांडले, तर सपाट १४ टक्के हा दर जवळपास २५ टक्के होतो. एक वर्षाच्या मासिक हप्त्यांसाठी सपाट दराची सुमारे पावणेदोन ते दोन पट हा ढोबळ अंदाज धरावा. नेमका आकडा मुदतीप्रमाणे व हप्त्याच्या कालावधीप्रमाणे बदलतो.

भाषा न येता कसे ओळखावे?

परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्यावे. त्यात दर हप्त्यातील मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेले असते. अक्षरे वाचता आली नाहीत, तरी आकडे वाचता येतात. व्याजाच्या रकान्यात पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत १४० हाच आकडा असेल, तर दर सपाट आहे. तोच आकडा २२०, २०३, १८७ असा उतरत जाऊन शेवटी २० च्या आसपास आला, तर व्याज घटत्या शिलकीवर आहे. वेळापत्रक देण्यास टाळाटाळ होत असेल, तर सही करू नये.

वेळापत्रक हाती नसेल, तर हप्ता आणि हप्त्यांची संख्या यांचा गुणाकार करावा व त्यातून प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम वजा करावी. प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता आधीच कापून १२,००० ऐवजी ११,६०० रुपयेच मिळणार असतील, तर ११,६०० वजा करावेत. उरलेला आकडा हाच कर्जाचा खरा खर्च होय. मात्र अशी तुलना सारखी रक्कम आणि सारखी मुदत असलेल्या देकारांचीच करावी. मुदत वेगळी असल्यास ती फसवी ठरते.

कर्जदाराचा हक्क

वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार संस्थेने दर व सर्व आकार दाखवणारे माहितीपत्रक द्यायचे असते आणि कर्जकार्डावरील नोंदी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत करायच्या असतात. तेव्हा कन्नड वाचणाऱ्या विक्रेतीने कन्नड कार्ड मागणे ही मेहेरबानी नव्हे. माहितीपत्रकात सर्व आकार धरून काढलेला वार्षिक दर असतो. दोन देकारांची तुलना या एका दरावर करावी. मुदतीपूर्वी फेड केल्यास अशा कर्जावर दंड घेता येत नाही. मात्र उरलेल्या महिन्यांचे व्याज माफ होणार का, हे सपाट दराच्या कर्जात सहीपूर्वी लिहून घ्यावे.

बाजारातून परतताना एखादा विक्रेता असा कागद दाखवून सल्ला विचारील, तेव्हा प्रथम व्याजाच्या रकान्यातील पहिला आणि शेवटचा आकडा पाहावा. दोन्ही सारखे असतील, तर छापलेल्या टक्क्यावर विसंबू नये, असे त्याला सांगावे.