दोन आठवडे उत्तर नाही? मग एकच ईमेल, पण नीट लिहिलेला

पाचव्या सत्राची परीक्षा संपली, की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तोच. “इंटर्नशिपला अर्ज करून पंधरा दिवस झाले, कंपनी काही बोलत नाही, आता काय करायचं?” आणि बरेचदा त्याच दमात पुढचं वाक्य येतं, “एक संस्था सात हजारांत सर्टिफिकेट देते म्हणते, भरून टाकू का?”

नका भरू. इंटर्नशिपचे पैसे विद्यार्थ्याने द्यायचे नसतात. सर्टिफिकेटसोबत चार व्हिडिओ आणि एक तयार प्रोजेक्ट मिळतो, आणि पुढे मुलाखतीत “तिथे तू नेमकं काय केलंस?” असं विचारलं की मुलगा गप्प होतो. अशा संस्थांचं फावतं ते याच पंधरा दिवसांच्या शांततेत, कारण शांतता म्हणजे नकार अशी घरात समजूत झालेली असते. बहुतेक वेळा तो नकार नसतो. अर्ज कुठेतरी अडकलेला असतो, आणि कुठे अडकला हे न पाहताच आपण घाबरतो.

मोठ्या कंपन्यांचं थोडक्यात सांगतो. तिथे अर्ज पोर्टलवरून जातो आणि पोहोच देणारा ईमेल आपोआप येतो. त्या ईमेलला उत्तर दिलं तर ते कुणीही वाचत नाही. पोर्टलवर लॉगिन करून अर्जाची स्थिती बघायची, जाहिरातीत संपर्कासाठी कुणाचं नाव आणि ईमेल दिला असेल तरच त्यांना लिहायचं. अर्जाची मुदत अजून संपलेली नसेल, तर आपले दोन आठवडे त्यांच्या लेखी सुरूच झालेले नाहीत.

मला बोलायचंय ते लहान कंपन्यांबद्दल. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज इथल्या पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यांकडे मुलं वळतच नाहीत. नाव मोठं नाही, आणि घरी सांगायला शोभत नाही म्हणून. प्रत्यक्षात सहा आठवड्यांत हाताला काम मिळण्याची शक्यता तिथे जास्त. पण तिथे एचआर नावाचा वेगळा विभाग बहुधा नसतोच. वेबसाइटवर जो info@ ने सुरू होणारा पत्ता असतो, तो अकाउंट्स किंवा परचेस बघणारी व्यक्ती उघडते. त्या इनबॉक्समध्ये कोटेशनं, बिलं, जीएसटीची पत्रं असतात आणि त्यांच्या मध्ये तुमचा अर्ज. तो वाचून वरच्या मजल्यावर कुणाला तरी दाखवायचा, हे त्या व्यक्तीच्या कामात मोडत नाही. दुसऱ्या ईमेलने साधायचं ते एवढंच, की तिला तो एका क्लिकमध्ये योग्य माणसाकडे पुढे पाठवता यावा.

एक उदाहरण घेऊ. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने १ डिसेंबरला भोसरीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागासाठी अर्ज केला. १५ डिसेंबरपर्यंत उत्तर नाही. मग त्याने लिहिलेला मसुदा साधारण असा होता: “आदरणीय सर/मॅडम, मी दोन आठवड्यांपूर्वी अर्ज केला होता. अद्याप आपल्याकडून काहीही उत्तर आलेलं नाही. ही नम्र आठवण. मी अत्यंत मेहनती आणि शिकण्यास उत्सुक आहे. कृपया लवकरात लवकर कळवावे.”

नम्र शब्दांची कमतरता नाही. पण कुठला अर्ज, कुठल्या विभागासाठी, किती आठवडे, कोणत्या तारखांना, हे काहीच त्यात नाही. वाचणाऱ्याने जुना ईमेल शोधायचा, मग विचार करायचा आणि तोही लवकरात लवकर. शिवाय “उत्तर आलेलं नाही” ही चूक दाखवून देण्याची सुरुवात. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे, त्याला पहिल्याच ओळीत कशाला टोचायचं?

मसुदा बदलण्याआधी मात्र एक पाहणी करावी लागते, आणि इथेच बरीच कोडी सुटतात. Sent मध्ये जाऊन आपला पहिला ईमेल उघडायचा. पत्ता बरोबर होता का, पत्ता सापडला नाही असा ईमेल परत आला आहे का, स्पॅममध्ये कंपनीचं उत्तर पडलं आहे का, आणि जे जोडलं असं आपण लिहिलं ते खरंच जोडलं होतं का, हे बघायचं. या मुलाने बायोडेटा जोडला नव्हता, ड्राइव्हची लिंक दिली होती आणि त्या फाइलची परवानगी Restricted ठेवलेली होती. म्हणजे समोरच्याला बायोडेटाऐवजी परवानगी मागा असं सांगणारं पान दिसलं असणार. पुढे कळलं ते आणखी गमतीचं. ३ डिसेंबरला कंपनीतल्या कुणीतरी ती परवानगी मागितलीही होती, पण फाइल होती कॉलेजने दिलेल्या खात्यात, आणि त्या खात्यावर आलेले ईमेल हा मुलगा महिनोन्महिने बघत नव्हता. म्हणजे कंपनीने दोन दिवसांत प्रतिसाद दिला होता. वाट कंपनी बघत होती.

लिंक Anyone with the link अशी करता येते, पण माझं मत सरळ आहे: बायोडेटा पीडीएफ म्हणून जोडा. एक-दोन पानं, फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि शाखा. “resume final new 2” अशा नावाची फाइल कारखान्याच्या संगणकावर एकदा उतरली की पुन्हा सापडत नाही.

दुसरी तयारी कॉलेजच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट कार्यालयातून पत्र आणण्याची. लहान कारखानदाराच्या मनात दोन शंका असतात: हा मुलगा नेमका किती दिवस येणार, आणि मशीनवर काही झालं तर जबाबदारी कुणाची. पत्रात इंटर्नशिपच्या तारखा असाव्यात, हा अभ्यासक्रमाचा भाग असल्याचं लिहिलेलं असावं, आणि कॉलेजने विद्यार्थ्याचा अपघात विमा काढलेला असेल तर तोही नमूद असावा. पहिल्या अर्जासोबत हे पत्र सहसा नसतं. म्हणूनच दुसरा ईमेल ही नुसती आठवण उरत नाही, त्याच्यासोबत काहीतरी नवीन जातं.

पाठवायचा कसा? नवा ईमेल उघडायचा नाही. Sent मधल्या त्याच ईमेलवर Reply करायचं, म्हणजे विषयाआधी Re: लागतं, मूळ अर्ज खाली राहतो आणि पत्ताही आपोआप तोच येतो. विषय बदलला तर साखळी तुटते. कंपनीला ईमेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर असा:

“नमस्कार सर/मॅडम,

१ डिसेंबरला मी आपल्या क्वालिटी विभागात सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज केला होता. मूळ ईमेल खाली आहे. त्यातली बायोडेटाची लिंक उघडत नव्हती, त्याबद्दल क्षमस्व. आता पीडीएफ जोडली आहे.

कॉलेजचं पत्रही सोबत आहे. कालावधी ५ जानेवारी ते १४ फेब्रुवारी. ड्रॉइंग वाचणं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने मोजमाप, आणि एक्सेलमध्ये नोंदी ही कामं मी प्रयोगशाळेत केली आहेत.

कॉलेजला कंपनीचं नाव २६ डिसेंबरपर्यंत कळवायचं आहे. या काळात एक विद्यार्थी घेणं शक्य आहे का, कृपया कळवावं. सध्या शक्य नसेल तर तसंही कळवलं तरी चालेल. हे काम दुसरं कुणी बघत असेल तर हा ईमेल त्यांच्याकडे पाठवावा, ही विनंती.”

खाली नाव, वर्ष, शाखा, कॉलेज आणि मोबाईल नंबर. बस.

“मेहनती”, “उत्सुक”, “आपल्या नामांकित कंपनीत” हे सगळं गेलं आणि त्याच्या जागी व्हर्निअर आला. क्वालिटीच्या माणसाला त्यावरून कळतं, की मुलाला पहिल्या दिवशी कुठे बसवायचं. मुदत लिहिली आहे, पण ती कॉलेजची खरी मुदत आहे. “माझ्याकडे दुसरी ऑफर आहे” असं खोटं लिहायचा सल्ला हल्ली मुलं एकमेकांना देतात. लहान कारखानदार त्यावर एवढंच म्हणतो, “मग घे ती.” नकाराची वाट मोकळी ठेवली की उत्तर येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव, कारण “नाही” म्हणायला अवघडलेली माणसं उत्तरच देत नाहीत. येणारा नकारही कामाचा असतो. दुसरीकडे प्रयत्न करायला तारखा मोकळ्या होतात.

वार बघून पाठवा. पिंपरी-चिंचवड भागातल्या बऱ्याच लहान कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि शनिवार-रविवारी काम चालू असतं. बुधवारी संध्याकाळी पाठवलेला ईमेल शुक्रवारच्या गर्दीत खाली जातो. या मुलाने मंगळवारी, १६ तारखेला सकाळी पाठवला.

त्यानंतर तीन-चार कामाचे दिवस थांबायचं आणि मग कार्यालयाच्या नंबरवर एक फोन. “क्वालिटीत इंटर्नशिपसाठी ईमेल केला आहे, ते कोण बघतं?” एवढंच विचारायचं. नाव मिळालं तर तोच ईमेल त्यांच्या नावाने पुढे पाठवायचा. फोननंतरही आठवडाभर काही हाललं नाही, तर ती कंपनी यादीतून काढा. तिसरा, चौथा ईमेल, मालकाला लिंक्डइनवर संदेश, व्हॉट्सअ‍ॅपवर “सर प्लीज” हे सगळं बंद. शंभर कंपन्यांना एकाच मजकुराचा अर्ज टाकणारी मुलं आठवणही शंभर ठिकाणी तशीच टाकतात आणि दोन निळ्या खुणा बघत बसतात. त्यापेक्षा दहा ठिकाणी अर्ज करा, म्हणजे प्रत्येकाची तारीख, पत्ता आणि कुणाशी बोलणं झालं हे एका वहीच्या पानावर मावेल.

आता पालकांशी. मुलाच्या नावाने तुम्ही ईमेल लिहू नका. तो कळतो. वीस वर्षांचा मुलगा “आपल्या मौलिक मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत” असं लिहीत नाही. कंपनीत फोन तर मुळीच करू नका. एखाद्या वडिलांनी कारखान्यात फोन करून “आमच्या मुलाच्या अर्जाचं काय झालं?” असं विचारलं, तर पलीकडच्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की शॉपफ्लोअरवर कुणी याला रागावलं तर संध्याकाळी पुन्हा फोन येईल. अर्ज तिथेच संपतो. ओळखीचा माणूस असेल तर त्याच्याकडून एवढीच माहिती घ्या, की विद्यार्थी कोण घेतं आणि त्यांचा ईमेल काय. पुढचं मुलाला करू द्या. आणि रोज रात्री जेवताना “आलं का उत्तर?” विचारणं थांबवा. त्या प्रश्नापायीच मुलं रात्री अकरा वाजता तिसरी आठवण पाठवतात.

तुम्हाला मदत करायचीच असेल, तर पाठवण्याआधी ईमेल एकदा वाचा. तारखा पत्राशी जुळतात का, मोबाईल नंबरचे दहा आकडे बरोबर आहेत का, पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडते का, एवढं तपासा. दुसऱ्याच्या म्हणजे तुमच्या. मुलाच्या स्वतःच्या फोनवर त्याची Restricted फाइल नेहमीच उघडते.