रेनसूट घेताय? आधी पॅन्ट उलटी करा

"पाणी नाही सर, घाम आहे तो," मला रेनसूट विकणाऱ्या बीडच्या दुकानदारानं माझ्याकडं न बघताच सांगून टाकलं. सप्टेंबर २०२५ मधला पाऊस, सिंदफणेला पूर, आणि गेवराईहून गाडीवर आलेला मी त्याच्यासमोर चिंब पॅन्टीत उभा. घाम काय फक्त जांगेतच येतो?

घाम आणि गळती ओळखता येते. घामाचा ओलावा पाठीवर, दंडावर सगळीकडं पसरतो. गळती शिवणीवरून सुरू होते. घरी बादलीवर रेनसूटची पॅन्ट अशी धरली की जांगेचा भाग खाली झुकेल आणि बाहेरची बाजू वर राहील. तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि मुठीनं दाबलं. कापड खालून कोरडंच, पण शिवणीतून थेंब टपटपायला लागले. त्याचा व्हिडिओ दुकानदाराला दाखवला, तर म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही." म्हणजे घामाचा विषय संपला होता!

कारण साधं आहे. कापडाला आतून लेप असतो, पण शिवताना सुई त्याला भोकं पाडते. ती बुजवायला आतून शिवणीवर गरम करून पट्टी चिकटवावी लागते. गाडीवर कोटावरचं पाणी ओघळून मांडीवर येतं, सीटवर साचतं, आणि आपलंच वजन ते त्या भोकांतून आत ढकलतं. म्हणून दुकानातच पॅन्ट उलटी करा. चार शिवणी मिळतात तिथं पट्टी सलग आहे का, नखानं उचकटते का, ते बघा. 'वॉटरप्रूफ' हे लेबल वाचून काही कळत नाही.

कपड्यांवर सूट घालून स्वतःच्या गाडीवर बसून बघा. हँडल धरल्यावर बाही मनगट सोडते का? पॅन्ट घोट्याच्या वर जाते का? जांगेत ताण येत असेल तर एक माप मोठं घ्या; ताणानं पट्टी लवकर सुटते. चेनवर झाकणपट्टी हवीच.

लांब कोट पायी चालणाऱ्याला ठीक. गाडीवर तो पुढून उघडतो आणि गुडघे भिजतात. पोंचो वाऱ्यानं फुगतो, त्याचं टोक चाकात गेलं तर जिवावर बेतेल. रोजच्या महामार्गावरच्या प्रवासाला सूटच बरा, तोही भडक रंगाचा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचा. काळा घेऊ नका. पावसात मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही.

ओला सूट डिकीत कोंबू नका, लेप सुटतो. सावलीत वाळवा. पॅन्टीचा पाय सायलेन्सरला लागू देऊ नका.

आणि पक्कं बिल घ्या. बिल मागितल्यावर ज्याचं तोंड वाकडं होतं, त्याच्याकडून साधा रुमालही घेऊ नका.